स्थिर तरंगणारा उंदीर: मानसशास्त्रातील प्राणिप्रयोग आणि तीन ‘आर’

काचेचे एक उंच, उभे नळकांडे घेतात आणि त्यात साधारण 24 ते 25 अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी भरतात. पाणी इतके खोल असते की उंदराची शेपटी तळाला टेकत नाही, आणि काठ इतका उंच असतो की त्याला उडी मारून बाहेर पडता येत नाही. मग पिंजऱ्यातून उंदीर काढून त्या पाण्यात सोडला जातो. पहिली एक-दोन मिनिटे तो जोराने पाय मारतो, भिंतीलगत गोल फिरतो, पुढच्या पंजांनी काच खरवडतो. त्यानंतर हळूहळू तो थांबतो. नाक पाण्याबाहेर राहील एवढीच हालचाल करत तो तरंगत राहतो. हे सारे सहा मिनिटे चालते, पण मोजणी सहसा शेवटच्या चार मिनिटांचीच होते. त्या 240 सेकंदांपैकी उंदीर किती सेकंद निश्चल होता, एवढाच एक आकडा वहीत लिहिला जातो.

या चाचणीला इंग्रजीवरून ‘फोर्स्ड स्विम टेस्ट’ म्हणतात. आपण तिला सक्तीच्या पोहण्याची चाचणी म्हणू. रॉजर पॉरसोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती 1977 मध्ये मांडली. नैराश्यावरील तेव्हाची औषधे दिलेले प्राणी कमी वेळ निश्चल राहतात, असे त्यांना आढळले. निश्चलतेला त्यांनी ‘वर्तनातील हताशा’ असे नाव दिले आणि त्या नावाने पुढची चार दशके बरेच काही घडवले. चाचणी स्वस्त, झटपट आणि शिकायला सोपी असल्यामुळे ती जगभर पसरली. भारतातील औषधनिर्माणशास्त्राच्या असंख्य पदव्युत्तर प्रबंधांतही एखाद्या वनस्पतीच्या अर्काचा ‘नैराश्यविरोधी गुण’ याच नळकांड्यात तपासलेला दिसतो.

(येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘माऊस’ आणि ‘रॅट’ या दोन वेगळ्या प्राण्यांना मराठीत आपण सरसकट उंदीर म्हणतो. पहिला जेमतेम 20 ते 30 ग्रॅमचा असतो, तर दुसरा त्याच्या दहापट वजनाचा. या लेखात ‘उंदीर’ म्हणजे लहान माऊस; दुसऱ्याला मी रॅटच म्हणेन.)

मानसशास्त्रातील प्राणिप्रयोगांचे नैतिक नियम समजून घ्यायला हे नळकांडे फार उपयोगी आहे. येथे रक्त नाही, शस्त्रक्रिया नाही, आणि सहा मिनिटांनी उंदराला बाहेर काढून पुसलेही जाते. तरीही ही चाचणी आज वादाच्या केंद्रस्थानी आहे, आणि तो वाद भूतदयेपुरता मर्यादित नाही.

नियमांचा पाया 1959 मध्ये घातला गेला. विल्यम रसेल हे प्राणिशास्त्रज्ञ आणि रेक्स बर्च हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. प्रयोगशाळेतील प्राण्यांना होणारा त्रास कसा कमी करता येईल, याचा अभ्यास या दोघांनी ब्रिटनमधील एका प्राणिकल्याण संस्थेसाठी केला आणि त्या वर्षी पुस्तकरूपाने मांडला. त्यातील तीन इंग्रजी शब्द ‘आर’ या अक्षराने सुरू होत असल्यामुळे ‘थ्री आर्स’ हे नाव रूढ झाले. रिप्लेसमेंट म्हणजे पर्याय: जाणीव असलेल्या प्राण्याऐवजी जाणीव नसलेले साधन वापरणे. रिडक्शन म्हणजे कपात: ठरावीक माहिती ठरावीक अचूकतेने मिळवण्यासाठी लागणाऱ्या प्राण्यांची संख्या कमी करणे. रिफाइनमेंट म्हणजे सौम्यीकरण: जे प्राणी वापरावेच लागतात त्यांच्या वाट्याला येणारा त्रास वारंवारतेने आणि तीव्रतेने घटवणे. क्रमही महत्त्वाचा आहे. आधी पर्याय शोधायचा, तो नसेल तर संख्येचा विचार करायचा आणि मग त्रासाचा.

रसेल आणि बर्च यांनी केलेला आणखी एक भेद फारसा उद्धृत होत नाही, पण मानसशास्त्राच्या दृष्टीने मला तो तीन ‘आर’इतकाच मोलाचा वाटतो. प्रयोगातील त्रास दोन प्रकारचा असतो, असे ते म्हणतात. एक आनुषंगिक, म्हणजे प्रयोगाला त्याची गरज नसताना सोबत येणारा: अरुंद पिंजरा, हाताळण्यातील आडदांडपणा, शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक न देणे. दुसरा थेट, म्हणजे प्रयोगाच्या पद्धतीतच गुंफलेला. हृदयाच्या झडपेवर शस्त्रक्रिया करणाऱ्याला वेदना नकोच असते, त्यामुळे तो प्राण्याला भूल देऊ शकतो आणि त्याच्या प्रयोगाचे काहीही बिघडत नाही. मानसशास्त्रज्ञाची अडचण निराळी आहे. भीती, ताण, एकटेपणा, हताशा याच गोष्टी त्याला अभ्यासायच्या असतात, आणि भूल दिलेल्या उंदराला भीती वाटत नाही. त्रास येथे प्रयोगाचा कच्चा माल असतो. म्हणूनच सौम्यीकरणाची जी सरळ वाट शरीरक्रियाशास्त्रात मोकळी असते, ती येथे अर्ध्यावर अडते, आणि मुळात हा प्रश्न या मार्गाने विचारावा का, हे आधी ठरवावे लागते.

युरोपीय संघाच्या 2010 च्या निर्देशात ही अडचण ठळकपणे दिसते. त्यात प्रयोगांची तीव्रता ठरवताना ‘तीव्र’ या वरच्या वर्गाची उदाहरणे दिली आहेत, आणि त्यांतील बरीच उदाहरणे मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतून आलेली आहेत: सुटका नसलेला विजेचा धक्का देऊन लाचारी निर्माण करणे, कळपात राहणाऱ्या प्राण्याला दीर्घकाळ पूर्ण एकटे ठेवणे, पूर्ण थकवा येईपर्यंत पोहायला लावणे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची आचारसंहिताही सांगते की वेदना, ताण किंवा उपासमार देणारी पद्धत दुसरा मार्ग उपलब्ध नसेल तेव्हाच वापरावी आणि तिच्यातून अपेक्षित असलेल्या वैज्ञानिक, शैक्षणिक किंवा उपयोजित मूल्याने ती समर्थनीय ठरली पाहिजे. याच अमेरिकेत प्राणिकल्याणाच्या केंद्रीय कायद्याच्या ‘प्राणी’ या व्याख्येतून संशोधनासाठी पैदास केलेले उंदीर आणि रॅट 2002 पासून वगळलेले आहेत. सरकारी निधी असेल तर दुसरे नियम त्यांना लागू होतात, ही गोष्ट वेगळी.

भारताचा कायदा या बाबतीत अधिक सरळ आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा अधिनियम माणूस सोडून प्रत्येक सजीव प्राण्याला ‘प्राणी’ मानतो. त्याच्या कलम 17 मध्ये तीन ‘आर’ हे नाव कोठेही नाही, पण आशय ओळखता येतो: लहान प्राण्यावर काम भागत असेल तर मोठा वापरू नये, पुस्तके, प्रतिकृती किंवा चित्रपट यांनी शिकवता येत असेल तर महाविद्यालयांतील प्रयोग टाळावेत, केवळ हाताला सवय व्हावी म्हणून प्रयोग करू नयेत. याच अधिनियमाखाली केंद्रीय समिती नेमली जाते. तिचे जुने संक्षिप्त नाव सीपीसीएसईए. आता ती सीसीएसईए म्हणून ओळखली जाते. 1998 च्या नियमांनंतर प्राणी वापरणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी करावी लागते आणि संस्थात्मक प्राणी नैतिकता समिती ठेवावी लागते. वेगवेगळ्या शाखांचे शास्त्रज्ञ, पशुवैद्यक, प्राणिगृहाचा प्रमुख, बाहेरच्या संस्थेतील शास्त्रज्ञ, केंद्रीय समितीचा प्रतिनिधी आणि शास्त्रज्ञ नसलेला एक समाजाभिमुख सदस्य असे लोक तिच्यात असतात. उंदीर, रॅट अशा लहान प्राण्यांचे प्रस्ताव येथेच मंजूर होतात. मोठ्या प्राण्यांचे वर जातात. भारताने तीन ‘आर’ला पुनर्वसनाचा चौथा ‘आर’ही जोडला आहे. मात्र या प्रकरणातील नियम मोडणाऱ्याला अधिनियमाने ठेवलेला दंड जास्तीत जास्त 200 रुपये आहे, आणि तो 1960 पासून तसाच आहे. संशोधकाला खरा धाक असतो तो नोंदणी जाण्याचा आणि समितीचा मंजुरी क्रमांक नसल्यास नियतकालिकाने शोधनिबंध परत पाठवण्याचा.

आता एक काल्पनिक, पण ओळखीचा वाटेल असा प्रस्ताव घेऊ. एका वनस्पतीच्या पानांच्या अर्काचा नैराश्यविरोधी परिणाम तपासायचा आहे. पाच गट आहेत: एकाला नुसते द्रावण, एकाला इमिप्रामिन हे जुने परिचित औषध, आणि तिघांना अर्काच्या तीन वेगवेगळ्या मात्रा. प्रत्येक गटात सहा नर उंदीर, एकूण 30. सर्वांना सक्तीच्या पोहण्याची चाचणी. पर्यायाच्या रकान्यात ‘उपलब्ध नाही’ एवढेच लिहिले आहे. संख्येच्या समर्थनात ‘संख्याशास्त्रीय विश्लेषणासाठी किमान सहा आवश्यक’ असे एक वाक्य आहे.

पर्यायाच्या रकान्यातील ते ‘उपलब्ध नाही’ बहुतेक वेळा खोटे नसते. तिथे कोणी विचार केलेला नसतो, इतकेच. पर्याय आहे की नाही हे प्रश्न नेमका काय आहे यावर अवलंबून असते. अर्कातील घटक मेंदूतील सेरोटोनिन पुन्हा पेशीत ओढून घेणाऱ्या प्रथिनाला अडवतात का, असा प्रश्न असेल, तर ते प्रथिन असलेल्या पेशी बशीत वाढवून उत्तर मिळते. त्यासाठी उंदीर लागत नाही. माणसाची मनःस्थिती सुधारते का, असा प्रश्न असेल, तर उंदीर हा माणसाचा पर्याय म्हणून आलेला आहे, आणि ती पर्यायी व्यवस्था चांगली आहे की नाही हे तपासावे लागेल. ऑक्सफर्डमध्ये कॅथरीन हार्मर यांच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांना नैराश्यविरोधी औषध देऊन त्यांना चेहऱ्यांवरील भाव ओळखायला लावले. मनःस्थितीत फरक जाणवण्याच्या खूप आधी, आनंदी आणि भेदरलेले चेहरे ओळखण्याच्या पद्धतीत बदल मोजता आला. ज्या वनस्पतीची सुरक्षितता आधीच माहीत आहे तिच्यासाठी, योग्य परवानग्या घेऊन, माणसांवरचा असा लहान अभ्यास हा कल्पनेतला पर्याय राहत नाही. आणि प्रश्न केवळ विद्यार्थ्यांना अध्ययनाचे नियम शिकवण्याचा असेल, तर संगणकाच्या पडद्यावर कळ दाबून खाऊ मिळवणारा ‘स्निफी’ नावाचा आभासी रॅट अनेक वर्षांपासून वापरात आहे.

यापुढचा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. ते नळकांडे खरोखर हताशा मोजते का? पॉरसोल्ट यांच्या मूळ पद्धतीत रॅटला पहिल्या दिवशी 15 मिनिटे आणि दुसऱ्या दिवशी 5 मिनिटे पाण्यात ठेवत. दुसऱ्या दिवशी तो लवकर थांबतो. त्याने आशा सोडली, असे एक स्पष्टीकरण. दुसरे असे: येथून बाहेर पडता येत नाही, पण बुडतही नाही आणि शेवटी कोणीतरी उचलून घेते, हे तो शिकला, म्हणून त्याने शक्ती वाचवली. विहिरीत पडलेला, पोहता येणारा माणूसही हातपाय झाडणे थांबवून अंग सैल सोडतो, तेव्हा त्याला आपण शहाणा म्हणतो. दुसऱ्या स्पष्टीकरणाच्या बाजूने पुरावा आहे. अधिवृक्क ग्रंथी काढलेले रॅट दुसऱ्या दिवशी तितके निश्चल राहत नाहीत, आणि त्या ग्रंथीतील संप्रेरक बाहेरून दिले की निश्चलता परत येते. तणावाच्या अनुभवाची आठवण पक्की करण्यात हे संप्रेरक भाग घेते, म्हणजे येथे स्मरण चालू असावे असे दिसते. शिवाय प्रचलित पद्धतीत पहिल्या आणि दुसऱ्या पोहण्याच्या मधल्या एका दिवसात औषधाच्या तीन मात्रा दिल्या जातात आणि तेवढ्यात परिणाम दिसतो. माणसाला मात्र त्याच औषधांचा गुण यायला आठवडे लागतात. आणि आज सर्वाधिक लिहून दिल्या जाणाऱ्या, केवळ सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्या मूळ पद्धतीत खात्रीने दिसतच नव्हत्या. पाणी अधिक खोल करून पोहणे आणि चढणे वेगवेगळे मोजू लागल्यावर त्या दिसू लागल्या.

म्हणजे ‘हताशा’ हा शब्द आकड्यावर चिकटवलेला होता. समितीतील शास्त्रज्ञ नसलेल्या सदस्याला येथे फार मोलाचे काम असते, कारण ‘तरंगण्याला हताशा का म्हणता?’ हा प्रश्न तज्ज्ञ माणसाला विचारायचे सुचत नाही. त्याने तो शब्द हजार वेळा वाचलेला असतो. ब्रिटनच्या सरकारला सल्ला देणाऱ्या समितीने 2023 मध्ये या चाचणीचा आढावा घेतला आणि नैराश्याचे प्रतिरूप म्हणून तिचा वापर अमान्य केला. 2024 मध्ये ब्रिटनच्या गृह खात्याने परवान्यांच्या अटी कडक करत ती पुढे पूर्णपणे संपवण्याचा हेतू जाहीर केला, आणि ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने तर कायद्याने बंदी घातली. ताणाला तोंड देण्याची पद्धत बदलते का, एवढ्या मर्यादित प्रश्नासाठी चाचणीला काही अर्थ आहे, असे मानणारे संशोधक आहेत, आणि त्यांचे म्हणणे सहज टाकून देण्यासारखे नाही.

समजा, समितीने या मर्यादित प्रश्नापुरती चाचणी मान्य केली. आता संख्येकडे वळू. सहाचा आकडा कोठून आला? बहुतेक वेळा आधीच्या प्रबंधातून, आणि त्या प्रबंधात त्याच्या आधीच्या प्रबंधातून. कपात म्हणजे शक्य तितके कमी प्राणी, असा समज पक्का झाल्यामुळे समित्यांनाही सहा हा आकडा सोज्वळ वाटतो. गणित मात्र वेगळे बोलते.

उदाहरणादाखल धरू की औषध न दिलेले उंदीर सरासरी 150 सेकंद निश्चल राहतात आणि अर्काने ही सरासरी 120 वर येते, म्हणजे फरक 30 सेकंदांचा. पण प्रत्येक उंदीर सरासरीवर बसत नाही. कोणी 100, कोणी 190. हा फैलाव, म्हणजे प्रमाण विचलन, 30 सेकंद असेल, तर खरा फरक दहापैकी आठ वेळा पकडता यावा यासाठी प्रत्येक गटात 17 उंदीर लागतात. सहा किंवा आठ ठेवले, तर अर्क खरोखर गुणकारी असूनही निम्म्याहून अधिक वेळा ‘परिणाम नाही’ असे उत्तर येईल. मग कोणी दुसरा विद्यार्थी तोच प्रयोग पुन्हा करील. पहिले 30 उंदीर फुकट गेले, आणि कागदावर मात्र कपात झालेली दिसते. याहून वाईट गोष्ट म्हणजे इतक्या लहान गटांतून कधी फरक सापडलाच, तर तो नशिबाने फुगलेला असण्याची शक्यता मोठी असते.

ही केवळ कागदावरची भीती नाही. कॅथरीन बटन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये चेतासंशोधनाचा जो आढावा घेतला, त्यात रॅट आणि उंदीर यांच्या पाण्यातील चक्रव्यूहाचे प्रयोगही होते. तेथे पाण्याखाली लपवलेला चौथरा प्राण्याने शोधायचा असतो, आणि प्रश्न नर-मादी यांच्या कामगिरीतील फरकाचा होता. एका प्रयोगात सरासरी 22 प्राणी वापरलेले होते. दहापैकी आठ वेळा फरक पकडण्यासाठी 134 लागले असते. नैतिकतेच्या नावाखाली संख्या कमी ठेवण्याची सवय येथे अनैतिक ठरते, हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते.

पण वरच्या हिशेबात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. फैलाव 30 ऐवजी 60 सेकंद धरला, तर प्रत्येक गटात 17 ऐवजी 64 उंदीर लागतात. फैलाव दुप्पट झाला की संख्या जवळजवळ चौपट होते. म्हणजे प्राणी वाचवण्याचा सर्वांत मोठा उपाय गटातून चार उंदीर कमी करणे हा नसून फैलाव घटवणे हा आहे. फैलाव कशाने वाढतो? गोंगाट, पाण्याचे बदलते तापमान, आधीच्या उंदराच्या वासाने भरलेले न बदललेले पाणी, सकाळ-दुपारचा फरक, आणि मुख्य म्हणजे घाबरलेले उंदीर. येथे कपात आणि सौम्यीकरण एकाच दारातून आत येतात.

उंदीर शेपटीला धरून उचलायचा, ही प्रयोगशाळांची जुनी रीत. 2010 मध्ये जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवले की शेपटीने उचललेले उंदीर हाताजवळ यायला टाळतात आणि अधिक चिंतातुर वागतात, तर प्लॅस्टिकच्या बोगद्यासारख्या नळीत शिरवून किंवा ओंजळीत घेऊन उचललेले उंदीर स्वतःहून जवळ येतात. नंतरच्या कामात असेही दिसले की शेपटीने हाताळलेले उंदीर नव्या वस्तूकडे इतके कमी जातात की त्यांना काही लक्षात आहे की नाही हे कळतच नाही. नळीने हाताळलेल्यांमध्ये तेच स्पष्ट दिसते. पिंजऱ्यात वीतभर लांबीची नळी कायमची ठेवायची, उंदीर तिच्यात शिरला की नळीच उचलायची आणि नळकांड्यावर हळूच तिरकी करायची. ही सुधारणा जवळजवळ फुकट आहे. तरीही अनेक ठिकाणी ती होत नाही, याचे कारण मला ‘आमच्याकडे असेच करतात’ यापलीकडे कधी कोणी सांगितलेले नाही.

बाकीच्या सुधारणाही अशाच छोट्या आहेत. उंदीर चाचणीच्या खोलीत तासभर आधी आणून ठेवायचा. चाचणी चालू असताना खोलीत माणूस हजर हवाच, केवळ कॅमेरा पुरेसा नाही. नाक पाण्याखाली गेलेला आणि वर न येणारा उंदीर ताबडतोब काढायचा, आणि तो आकडा गाळला तर गाळल्याची नोंद करायची. बाहेर काढल्यावर कोरड्या फडक्याने पुसून, अंग वाळेपर्यंत उबदार पिंजऱ्यात ठेवायचे. उंदीर बरा आहे की नाही हे ओळखायचा एक साधा मार्ग घरट्यात असतो. संध्याकाळी पिंजऱ्यात दाबलेल्या कापसाचा तीन ग्रॅमचा चौकोन ठेवावा. निरोगी उंदीर रात्रभरात तो दातांनी पिंजून त्याचे खोल, कडा उंच असलेले घरटे करतो. सकाळी एक ते पाच गुण देता येतात: चौकोन जसाच्या तसा असेल तर एक, आणि भिंती वर आलेले पूर्ण घरटे असेल तर पाच. काल पाच गुणांचे घरटे करणाऱ्या उंदराने आज चौकोनाला तोंडही लावले नसेल, तर त्याचे काहीतरी बिघडले आहे, आणि हे कळायला त्याला हात लावावा लागत नाही.

तीन ‘आर’ मात्र नेहमी एकमेकांच्या मदतीला येत नाहीत. पोहण्याऐवजी साखरेच्या पाण्याची चाचणी घ्यावी, असे सुचवणे सोपे आहे. दोन बाटल्या ठेवायच्या, एकीत साधे पाणी आणि दुसरीत साखरेचे सौम्य द्रावण. बाटल्यांच्या जागा बदलत राहायच्या. उंदीर गोड पाण्याकडे किती जातो ते बाटल्यांच्या वजनावरून काढायचे. चाचणी स्वतः निरुपद्रवी आहे. पण निरोगी उंदीर गोड पाणीच पसंत करतो, त्यामुळे औषधाने ती आवड आणखी वाढलेली दिसायला जागा उरत नाही. आधी ती आवड घटवावी लागते, आणि त्यासाठी कित्येक आठवडे तिरका पिंजरा, ओले भुसकट, उलटेसुलटे दिवस-रात्र असा ताण देतात. सहा मिनिटांची भीती चुकवताना सहा आठवड्यांचा मनस्ताप पदरात पडू शकतो. त्याचप्रमाणे एकाच उंदरावर चार चाचण्या लागोपाठ घेतल्या तर उंदरांची संख्या घटते, पण त्या एका जिवावरचा भार वाढतो आणि पहिल्या चाचणीची आठवण दुसरीचे उत्तर बिघडवते. येथे सूत्र चालत नाही; समितीने बसून दोन्ही बाजू मांडाव्या लागतात आणि निर्णयाचे कारण लिहून ठेवावे लागते.

आपल्या काल्पनिक प्रस्तावाकडे परत जाऊ. नीट काम करणाऱ्या समितीकडून तो साधारण अशा रूपात बाहेर पडेल. शीर्षकातील ‘नैराश्य’ हा शब्द जाईल आणि ‘तीव्र ताणाला दिलेला प्रतिसाद’ असे शब्द येतील. पहिला टप्पा पूर्णपणे पेशींवर होईल. दुसऱ्या टप्प्यात पाच गटांऐवजी तीन असतील: नुसते द्रावण, इमिप्रामिन, आणि पेशींवरील निकालातून निवडलेली अर्काची एकच मात्रा. प्रत्येक गटात 17 हवेत, पण नर-मादी सारख्या संख्येने बसावेत म्हणून 18 घेतले जातील, नऊ आणि नऊ, म्हणजे एकूण 54. अठरा पिंजरे, प्रत्येकात एकाच लिंगाचे तीन उंदीर, आणि प्रत्येक पिंजऱ्यातला एकेक उंदीर चिठ्ठी टाकून एकेका गटात, म्हणजे पिंजऱ्या-पिंजऱ्यातील फरक औषधाच्या खात्यावर जमा होणार नाही. पोहणे एकदाच. सेकंद मोजणाऱ्याला गट माहीत नसेल. सर्व पिंजऱ्यांत नळी आणि कापूस.

तीसचे चौपन्न झाले, यावर बैठकीत कोणीतरी भुवया उंचावेल. त्याला उत्तर प्रस्तावातील एका अटीत आहे: पेशींवरील पहिल्या टप्प्याचा निकाल समितीपुढे ठेवल्याशिवाय प्राणिगृहाकडे उंदरांची मागणी नोंदवता येणार नाही, आणि अर्क त्या टप्प्यात निष्क्रिय ठरला, तर मागणी शून्याची राहील.